कामाचे दिवस बुडालेल्या महिन्यातील स्थिर खर्चाचा फरक कसा वाचावा

(मकरपुरा व आसपासच्या औद्योगिक वसाहतींतील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्याच्या अनेक भागांत शिरले, तशी वेळ कारखान्यावर येते तेव्हा शेडचे भाडे, यंत्रांचा घसारा, विम्याचा हप्ता आणि सुपरवायझरचा पगार यांपैकी काहीही थांबत नाही. थांबते ते फक्त उत्पादन. महिनाअखेरीस कॉस्ट शीटवर ‘व्हॉल्यूम व्हेरियन्स, प्रतिकूल’ अशी एकच मोठी रक्कम दिसते आणि तिचा जाब बहुधा शिफ्ट सांभाळणाऱ्या माणसाला विचारला जातो. त्या रकमेचे कॅलेंडर, क्षमता आणि कार्यक्षमता असे तीन भाग केले, तर त्यातले त्याच्या हातात किती होते, हे स्पष्ट होते. ते कसे करावे, हे एका काल्पनिक उदाहरणाने पुढे दिले आहे.

समजा, व्हॉल्व्हचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याने महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास काम धरले आहे. तासाला ४० नग या प्रमाणाने अंदाजित उत्पादन ८,००० नग आणि अंदाजित स्थिर खर्च ४,००,००० रुपये आहे. म्हणजे स्थिर खर्चाचा प्रमाण दर तासाला २,००० रुपये, किंवा नगामागे ५० रुपये झाला. प्रत्यक्षात पाण्यामुळे ३ दिवस गेट उघडलेच नाही, म्हणून कारखाना २२ दिवस चालला. गेट उघडल्यावरही विजेच्या पॅनेलमधली ओल वाळवण्यात आणि कामगार उशिरा पोहोचल्यामुळे १० तास गेले. यंत्रे एकूण १६६ तास चालली आणि ६,८०० चांगले नग तयार झाले.

एकूण व्हॉल्यूम फरक सरळ आहे: १,२०० नग कमी, गुणिले ५०, म्हणजे ६०,००० रुपये प्रतिकूल. त्याचे भाग पाडताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी दिवस, मग तास, मग नग.

कॅलेंडर फरक = (प्रत्यक्ष दिवस – अंदाजित दिवस) × दिवसाचा दर
(२२ – २५) × १६,००० = ४८,००० प्रतिकूल

क्षमता फरक = (प्रत्यक्ष तास – प्रत्यक्ष दिवसांत मिळू शकणारे तास) × तासाचा दर
(१६६ – १७६) × २,००० = २०,००० प्रतिकूल

कार्यक्षमता फरक = (झालेल्या नगांचे प्रमाण तास – प्रत्यक्ष तास) × तासाचा दर
(१७० – १६६) × २,००० = ८,००० अनुकूल

तिन्हींची बेरीज ६०,००० प्रतिकूल येते. ती न जुळल्यास कोणते तरी तास दोनदा धरले गेले आहेत किंवा सुटले आहेत, असे समजावे. सर्वाधिक घडणारी चूक क्षमता फरकाच्या ओळीत होते. तिथे २०० मधून १६६ वजा करून ३४ तासांचे ६८,००० रुपये लिहिले जातात, आणि त्याखाली कॅलेंडरचे ४८,००० पुन्हा येतात. बुडालेल्या दिवसांचे २४ तास त्या ३४ मध्ये आधीच मोजले गेलेले असतात. दिवसांचा हिशेब एकदा झाला, की क्षमतेची तुलना १७६ तासांशीच करावयाची असते.

कोणता तोटा कॅलेंडरमध्ये जातो आणि कोणता क्षमतेत, यावर मात्र खरा विचार लागतो. आमचा संकेत असा आहे की ज्या दिवशी कारखाना सुरूच झाला नाही, तो पूर्ण दिवस कॅलेंडरमध्ये जावा. कारखाना सुरू होऊन मधले तास वाया गेले असतील, तर ते तास क्षमतेत जावेत, मग कारण वीज असो, कच्चा माल नसणे असो किंवा यंत्र बंद पडणे असो. अर्धा दिवस चाललेला कारखाना या संकेतानुसार चाललेलाच धरला जातो. कोणी दुसरा संकेतही ठेवू शकेल, पण तो वर्षभर तोच राहिला पाहिजे. जो आकडा सोयीचा दिसेल त्याप्रमाणे महिन्यागणिक तो बदलणे म्हणजे हिशेब न करणेच होय. बुडालेल्या दिवसाची भरपाई म्हणून एखाद्या रविवारी पूर्ण शिफ्ट चालवली असेल, तर प्रत्यक्ष दिवस २३ होतात आणि कॅलेंडर फरक ३२,००० वर येतो. त्या रविवारच्या जादा मजुरीचा या हिशेबाशी संबंध नाही, ती मजुरीच्या फरकात पाहावी.

गुजरातेत एक वेगळा सापळा आहे. वर्षाचे ३०० दिवस सरळ १२ ने भागून प्रत्येक महिन्याला २५ दिवस लावले, तर दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत बंद राहणाऱ्या कारखान्यात त्या महिन्यात दरवर्षी मोठा प्रतिकूल कॅलेंडर फरक येणारच, आणि इतर महिन्यांत थोडाथोडा अनुकूल. तो खरा फरक नसून अंदाजपत्रकातील आळस आहे. दिवाळी, उत्तरायणाचे दोन दिवस, नवरात्रीतील ठरलेली सुटी, हे सारे ज्या त्या महिन्याच्या अंदाजित दिवसांतून आधीच वजा असावे. मग या ओळीत फक्त अनपेक्षित बुडालेले दिवस उरतात आणि तिला अर्थ येतो.

अनुकूल दिसणाऱ्या ८,००० रुपयांकडेही थोडे संशयाने पाहावे. पुरापूर्वी अर्धवट झालेले नग यंत्रांवर किंवा ट्रॉलीत पडून राहतात आणि गेट उघडल्यावर थोड्या वेळात पूर्ण होतात. ते सर्व या कालावधीचे उत्पादन म्हणून मोजले, तर न केलेल्या तासांचे श्रेय मिळते. महिन्याच्या दोन्ही टोकांची अर्धवट कामे मोजून त्यांची समतुल्य नगसंख्या काढली, म्हणजे खरा आकडा समजतो. घाईत वाढलेली रिजेक्शन हे दुसरे कारण असू शकते. म्हणून प्रमाण तास काढताना फक्त तपासणीत उत्तीर्ण झालेले नगच घ्यावेत.

आता समजा, प्रत्यक्ष स्थिर खर्च ४,१२,००० झाला. खर्च फरक १२,००० प्रतिकूल वेगळा दाखवला जातो. त्याला दिवस बुडण्याशी जोडू नये. इथे एक मोह होतो: ४,१२,००० ला ६,८०० ने भागून नगामागे सुमारे ६०.५९ रुपये काढावेत आणि त्याच दराने शिल्लक मालाची किंमत लावावी, किंवा पुढचे कोटेशन द्यावे. शिल्लक मालाबाबत हे लेखा मानक २ ला मान्य नाही. त्यानुसार स्थिर उत्पादन खर्च सामान्य क्षमतेच्या आधारे मालावर लावावयाचा असतो, आणि कमी उत्पादनामुळे न लागलेली रक्कम त्याच कालावधीचा खर्च म्हणून नफा-तोट्यात जाते. कोटेशनमध्ये पुराचा भार टाकायचा की नाही, हा मालकांचा व्यापारी निर्णय आहे. आमच्या मते टाकू नये, कारण ते तीन दिवस पुढच्या ऑर्डरचे नाहीत.

विम्याबाबत विचारणा होते म्हणून इतकेच सांगतो, की कॅलेंडर फरकाची रक्कम म्हणजे दाव्याची रक्कम नव्हे. मालमत्तेच्या नुकसानीची पॉलिसी आणि व्यवसाय खंडित झाल्याच्या नुकसानीची पॉलिसी वेगवेगळ्या असतात, आणि दुसरीचा हिशेब प्रामुख्याने घटलेल्या उलाढालीवरून होतो.

महिन्याचे कागद पाठवताना गेटवरील हजेरी रजिस्टरची प्रत, यंत्रनिहाय लॉगबुक आणि तपासणी विभागाचा उत्तीर्ण नगांचा तक्ता सोबत द्यावा. लॉगबुकमध्ये यंत्र बंद असल्याचे तास कारणासह त्याच दिवशी लिहिलेले असावेत. महिनाअखेरीस आठवून भरलेल्या तासांवरून क्षमता आणि कार्यक्षमता यांची विभागणी आम्ही करत नाही, दोन्ही एकत्रच दाखवतो.