बेज, ग्रेज आणि टोप: दुकानात आवडलेला रंग घरी वेगळा का दिसतो?

हल्ली हॉल रंगवायचा म्हटलं की "न्यूट्रल घ्या, कशावरही जातं" असं सगळेच सांगतात, पण हे अर्धंच खरं आहे, उलट हेच रंग सगळ्यात जास्त दगा देतात.

आधी ओळख. बेजमध्ये पिवळसर झाक असते, बदामाच्या सालीआतल्या गरासारखी. ग्रेज म्हणजे त्यातच राखाडी वाढवलेला. टोप बहुतेक वेळा गडद असतो, राखाडी-तपकिरी, आणि त्यात किंचित लालसर किंवा जांभळट झाक असते. एकट्या शेडकार्डावर ही झाक कळत नाही, तिन्ही कार्डं चिकटून ठेवली की लगेच दिसते.

आता खरी गंमत. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात आणि मेंदू त्यांच्या संदेशांतला फरक बघून रंग ठरवतो. गडद लाल भिंतीसाठी हा फरक मोठा असतो, म्हणून दिवा बदलला तरी लाल लालच वाटतो. ग्रेजमध्ये मात्र तिन्ही संदेश जवळपास सारखे, फरक इतका बारीक की दिव्याच्या उजेडाने पडणारा फरकही तेवढाच भरतो. मेंदू उजेडाचा रंग बराचसा वजा करतो, पण पूर्ण नाही, आणि जे उरतं तेच आपल्याला हिरवट किंवा जांभळट म्हणून दिसतं. त्यात काळा आणि पिवळा ऑक्साइड मिसळून केलेला ग्रेज मुळातच थोडा हिरवटाकडे झुकतो, मग ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली तो आजारी दिसला तर रंगाऱ्याला दोष देऊ नका.

उत्तरेच्या खिडकीतून मुख्यतः आकाशाचा निळसर उजेड येतो, तिथे बेज थंड पडतो. म्हणजे दिशेचा संबंध आहे, पण तो उजेडाशी, वास्तुशास्त्रातल्या शुभ-अशुभाशी नाही.

समजा हॉलमध्ये आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत आणि टोप सोफा आणायचाय. टाइल बदलणार नाही, म्हणून सुरुवात तिच्यापासून करा. पिवळसर टाइलशेजारी टोपमधला जांभळा आणखी उठून दिसतो, शेजारचा रंग उलट्या बाजूला ढकलतो म्हणून. तेव्हा जांभळटऐवजी तपकिरीकडे झुकणारा टोप घ्या, भिंतीला उबदार ग्रेज द्या आणि पडदे बेज ठेवा, म्हणजे पिवळ्याचा धागा जमिनीपासून पडद्यापर्यंत चालू राहतो. फिकट रंग मोठ्या जागेला, गडद टोप फक्त सोफ्याला, नाहीतर खोली मळकट वाटते.

रंग फायनल करायच्या आधी दोन फुटी प्लायवर दोन हात मारून पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन वाळल्यावर सहसा गडद होतं. मग तो तुकडा सोफ्याच्या कापडाजवळ टाइलवर उभा करून सकाळी, दुपारी आणि रात्री घरातलेच दिवे लावून बघा. तुलनेला प्रिंटरचा कागद ठेवू नका, त्यातल्या ब्राइटनरमुळे तो दिवसा निळसर चमकतो आणि शेजारचं सगळंच पिवळं वाटतं. रात्री हिरवट दिसलं तर भिंत परत रंगवण्याआधी ३००० केल्विनचा म्हणजे पिवळसर उजेडाचा बल्ब लावून बघा, आणि रंग किती खरे दिसतात ते सांगणारा त्याचा सीआरआय ९० च्या वर असू द्या, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.