टीव्ही घेताना आधी पाठ बघा

कळव्याच्या आत्याला दिवाळीत नवा टीव्ही घ्यायचा होता. तिची मागणी साधी होती. सह्याद्रीच्या बातम्या आणि जुनी गाणी दिसली पाहिजेत, दर महिन्याचे पैसे नकोत आणि रिमोट एकच हवा. म्हणजे डिशच्या छत्रीची केबल सेट-टॉप बॉक्सशिवाय थेट जोडता येईल असा टीव्ही. डिजिटल ट्यूनर आतच आहे, असं ठाण्यातल्या दुकानातला मुलगा ठासून सांगत होता. मी टीव्ही फिरवून पाठ दाखवायला सांगितली.

पाठीवर ANT IN लिहिलेलं एकच सॉकेट होतं, एरियलची पिन नुसती दाबून बसते तसलं. छत्रीची केबल तिथे चालत नाही. तिच्यासाठी बाहेरून आटे असलेलं, पिन फिरवून घट्ट बसणारं वेगळं सॉकेट लागतं. त्यावर SATELLITE किंवा LNB IN असं लिहिलेलं असतं. बॉक्सवर किंवा माहितीपत्रकात DVB-T2/C असेल तर ट्यूनर जमिनीवरच्या प्रक्षेपणाचा आणि केबलचा, आणि DVB-T2/C/S2 असेल तर उपग्रहाचाही. सगळी गोम त्या S2 मध्ये आहे. मेन्यूवर मात्र विसंबू नका. तोच मेन्यू अनेक मॉडेलांत टाकलेला असतो, त्यामुळे आत सर्किट नसतानाही Satellite हा पर्याय दिसू शकतो. सॉकेट खोटं बोलत नाही.

वेगळं सॉकेट लागतं, कारण तिथून टीव्हीने छत्रीकडे वीजही पाठवावी लागते. उपग्रहाचा सिग्नल साधारण 11 गिगाहर्ट्झचा असतो आणि केबलमधून जाताना तो फार लवकर विरतो. म्हणून छत्रीसमोरचा छोटा डबा, म्हणजे एलएनबी, त्याला तिथेच 1 ते 2 गिगाहर्ट्झवर उतरवतो. एलएनबीला लागणारी वीज त्याच केबलने उलटी वर जाते. 13 व्होल्ट दिले की तो उभ्या ध्रुवीकरणाच्या लहरी घेतो, 18 दिले की आडव्या. एरवी हे काम सेट-टॉप बॉक्स करतो. S2 ट्यूनरचा टीव्ही ते स्वतः करतो.

अशा टीव्हीसाठी भारतीय मानक ब्युरोचं IS 18112:2022 हे मानक आहे. छत्रीची केबल थेट जोडली की विनाशुल्क वाहिन्या आणि रेडिओ लागावेत, एवढाच त्याचा रोख. आपल्याकडे त्या प्रामुख्याने डीडी फ्री डिशच्या, 93.5 अंश पूर्वेवरच्या जीसॅट-15 उपग्रहावरून येणाऱ्या. पैसे भरायच्या डीटीएच वाहिन्यांवर कुलूप असतं. त्यांची नावं यादीत येतील, पण चित्र येणार नाही. केबलवाल्याच्या डिजिटल वाहिन्यांचंही तेच, त्यामुळे त्या C चा इथे फारसा उपयोग नाही. राहिला T2. दूरदर्शनने 2016 मध्ये मुंबईसह 16 शहरांत जमिनीवरून हे प्रक्षेपण सुरू केलं होतं. एरियल लावून शोधून बघायला हरकत नाही, पण त्या भरवशावर टीव्ही घेऊ नये.

ट्यूनर मिळाला तरी आकाश लागतंच. ठाण्याहून जीसॅट-15 आग्नेयेला दिसतो. मोबाइलच्या कंपासवर सुमारे 131 अंश आणि क्षितिजापासून वर सुमारे 57 अंश. आत्याचं घर शेवटच्या मजल्यावर, वर गच्ची, त्यामुळे तिला अडचण नव्हती. माझा फ्लॅट घोडबंदर रोडला, सातव्या मजल्यावर. बाल्कनी आग्नेयेलाच आहे, पण समोर 25 मीटरवर 22 मजली टॉवर. 57 अंशांचा हिशोब असा, की समोरची इमारत आपल्यापेक्षा अंतराच्या साधारण दीडपट उंच झाली की सिग्नल अडतो. माझ्यासाठी ही मर्यादा 39 मीटर. टॉवर माझ्या वर 15 मजले, म्हणजे 45 मीटर. संपला विषय! बाल्कनी येऊरच्या डोंगराकडे, म्हणजे पश्चिमेला असेल, तर टॉवर नसूनही काही मिळणार नाही.

आत्याला शेवटी S2 वाला टीव्ही दुसऱ्या दुकानात मिळाला. गच्चीवर जुन्या डीटीएचची छत्री होतीच, तिचीच केबल आम्ही टीव्हीला लावली. स्क्रीनवर Strength ची पट्टी झकास भरली, Quality मात्र शून्य. याचा अर्थ एलएनबीला वीज मिळतेय, पण छत्रीचं तोंड भलत्याच उपग्रहाकडे आहे. आत्या खालून आकडा ओरडून सांगत होती आणि मी वर छत्री केसभर सरकवत होतो. Quality 70 च्या वर गेल्यावर नट आवळले, टीव्हीला वाहिन्या शोधायला लावलं आणि सह्याद्री लागली. जुना बॉक्स आत्याने माळ्यावर टाकला.

जुलैत जोराची सर आली की चित्राचे चौकोन होतात आणि पडदा काळा पडतो. सुमारे पावणेतीन सेंटीमीटरच्या या लहरी दाट पाऊस गिळतो. सेट-टॉप बॉक्स असतानाही तेच व्हायचं. सर ओसरली की चित्र आपोआप परत येतं, पण आत्या दर वेळी मला फोन करते.