सीआरओची पाच मिनिटं आणि आठपट संथ चिप

इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये एका टेबलावर चार गट आणि सगळ्यांत मिळून एकच सीआरओ, हे काही नवीन नाही. (यंत्र डिजिटल झालं तरी तोंडात नाव सीआरओच.) अशाच एका टेबलावर एका विद्यार्थिनीने ब्रेडबोर्डवर एटमेगा328पी बसवली होती. चिपने दर सेकंदाला ‘U’ हे अक्षर 9600 बॉडने लॅपटॉपकडे पाठवायचं, एवढंच काम. लॅपटॉपवर मात्र भलतीच चिन्हं उमटत होती.

वायरी तपासून झाल्या, यूएसबी-सिरीयल मोड्यूलही बदलून झालं. सीआरओ शेजारच्या गटाकडे होता, तेवढ्यात तिने टर्मिनल हेक्स मोडमध्ये टाकलं. कचरा म्हणावा तर त्यातही शिस्त होती: दर सेकंदाला नव्हे, आठ-आठ सेकंदांनी पाच बाइट येत होते आणि पाचही 0x80.

एक सेकंद थांबायचं ते आठ सेकंद, म्हणजे संशय घड्याळावर. पण कॉम्प्युटरला 0x80च का दिसावा? ‘U’ म्हणजे 0x55. सिरीयल लाइनवर आधी शून्याचा स्टार्ट बिट, मग 1, 0, 1, 0 असे आळीपाळीने आठ बिट आणि शेवटी एकचा स्टॉप बिट. म्हणजे ही सरळ चौकोनी लहर झाली. बिट आठपट लांबला, की कॉम्प्युटरला त्या एका शून्यातच स्टार्ट बिट आणि पुढचे सात शून्य बिट दिसतात, आठवा मात्र एक सापडतो. तोच 0x80. एका ‘U’मध्ये लाइन पाच वेळा खाली येते, म्हणून बाइट पाच.

आता खात्री करायला मोजमाप हवं होतं. आपली पाळी येण्याआधीच तिने प्रोग्राममधला विलंब काढून ‘U’ सलग पाठवायला लावला. सलग लहरीवर ट्रिगर पटकन धरतो.

पाळी आल्यावर पडद्यावर लहर जेमतेम अर्ध्या व्होल्टची दिसली, तीही सरकत होती. आधीच्या गटाने प्रोब 10X वर ठेवला होता आणि चॅनेल 1X वर होतं, त्यामुळे 5 व्होल्ट दहापट लहान दिसत होते आणि 2.5 व्होल्टवरचा ट्रिगर लहरीला शिवतही नव्हता. वेळेच्या मापाला या गडबडीचा धक्का लागत नाही, पण लहर स्थिर केल्याशिवाय मोजणार काय? चॅनेल 10X केल्यावर ती थांबली. दोन गट दोन प्रोब एकदम लावणार असतील तर आणखी एक पथ्य: दोन्ही प्रोबच्या ग्राउंड क्लिप यंत्राच्या आत जोडलेल्याच असतात. एकाने क्लिप स्वतःच्या 5 व्होल्टला लावली, तर शॉर्ट होतो.

एकच बिट मोजण्यापेक्षा तिने कर्सरने दहा बिटांची लांबी घेतली, म्हणजे कर्सर ठेवण्यातली चूक दहा बिटांत वाटली जाते. 9600 बॉडला दहा बिटांना सुमारे 1.04 मिलिसेकंद लागायला हवेत, आले 8.2. गुणोत्तर 7.9. नेमकं 8 येत नाही, कारण चिपमधला आरसी ऑसिलेटर क्रिस्टलइतका काटेकोर नसतो. इथे तो दीड टक्का जलद निघाला.

कारण फ्यूजमध्ये होतं. कोऱ्या एटमेगा328पीचा ऑसिलेटर 8 मेगाहर्ट्‌झचाच असतो, पण कारखान्यातून येताना CKDIV8 हा फ्यूज चालू असतो आणि तो घड्याळाला आठने भागतो. प्रोग्राममध्ये `F_CPU` 8000000 लिहिलेलं होतं. त्या ओळीने चिपचा वेग ठरत नाही. कंपायलर फक्त त्यावरून विलंब आणि बॉडचा भाजक काढतो.

मग `F_CPU` 1000000 केलं की झालं, असं वाटतं. विलंब सुधारतो, पण सिरीयल नाही. 1 मेगाहर्ट्‌झला 16च्या पटीत भागून 9600 जमत नाही: एका भाजकाने 8929 येतं, पुढच्याने 10417. पहिलं 7 टक्के कमी, दुसरं साडेआठ टक्के जास्त. दहाव्या बिटाशी पोचेपर्यंत ही चूक अर्ध्या बिटाहून मोठी होते आणि अक्षर बिघडतं. `U2X0` बिट चालू करून 8 ने भागायला लावलं तर 9615 मिळतं, तेही चालतं. पण तिला पूर्ण वेग हवा होता, म्हणून फ्यूजच बदलला:

```
avrdude -c usbasp -p m328p -B 10 -U lfuse:w:0xE2:m
```

आधीचा आकडा 0x62 होता. फरक फक्त वरच्या एका बिटाचा. `-B 10` गाळू नये: चिप 1 मेगाहर्ट्‌झवर असताना प्रोग्रामरचा क्लॉक 250 किलोहर्ट्‌झच्या खाली लागतो, नाहीतर चिप ओळखूच येत नाही. खालचे चार बिट चुकले तर चिप बाहेरच्या क्रिस्टलची वाट पाहत बसते, आणि ब्रेडबोर्डवर क्रिस्टल नसेल तर प्रोग्रामरलाही उत्तर देत नाही. फ्यूजला हात लावायचं धाडस नसेल, तर `main` सुरू होताच या दोन ओळी पुरतात:

```c
CLKPR = 1 << CLKPCE;
CLKPR = 0;
```

दुसरी ओळ पहिलीनंतर चार क्लॉकच्या आत चालावी लागते, म्हणून ऑप्टिमायझेशन चालू ठेवायचं आणि इंटरप्ट बंद.

फ्यूज बदलून पुन्हा मोजलं, तर दहा बिटांना 1.03 मिलिसेकंद. ऑसिलेटरचा दीड टक्का तसाच राहिला, पण तेवढा सिरीयलला चालतो.