बाष्प टरबाइन

बाष्प टरबाइन : उच्च दाबाच्या वाफेचे प्रसरण घडवून तिच्यातील उष्णतेचे प्रथम वेगात आणि नंतर फिरत्या दंडाच्या गतीत रूपांतर करणारे यंत्र. औष्णिक वीज केंद्रात याच दंडाला जनित्र जोडलेले असते. मराठवाड्यात या यंत्राचे सर्वांत मोठे नमुने परळी वैजनाथ (जि. बीड) येथील केंद्रात आहेत. तेथील पहिला ३० मेगावॉटचा संच १९७१ च्या सुमारास सुरू झाला. पुढे २१० मेगावॉटचे आणि २००७ नंतर २५० मेगावॉटचे संच आले. संच वीजजालाला जोडल्याची तारीख आणि व्यापारी उत्पादनाची तारीख वेगवेगळी धरली जात असल्याने निरनिराळ्या नोंदींत वर्षाचा फरक आढळतो. प्रस्तुत नोंदीतील उदाहरण २५० मेगावॉटच्या संचाचे असून आकडे अशा संचांत सर्वसाधारणपणे आढळणारे आहेत.

इतिहास : वाफेने फिरणाऱ्या यंत्राचा पहिला मान बहुधा अलेक्झांड्रियाच्या हीरोला दिला जातो. पाण्याच्या भांड्यावर बसवलेला पोकळ गोल आणि त्याच्या दोन वाकड्या तोंडांतून निघणारी वाफ, असे त्याने वर्णन केलेले एओलिपाइल हे उपकरण आहे. हीरोचा काळ मात्र वादग्रस्त आहे. त्याच्या लेखनातील एका चंद्रग्रहणाचा संबंध इ. स. ६२ च्या ग्रहणाशी जोडून तो पहिल्या शतकात होऊन गेला असे ऑटो नॉइगेबाउअर यांनी मांडले. हे ग्रहण हीरोने स्वतः पाहिले होते असे त्या मजकुरावरून सिद्ध होत नाही, अशी हरकत नंतर घेण्यात आली. तरीही पहिले शतक हाच काळ आजही अधिक ग्राह्य वाटतो. त्याच्याही आधी, इ. स. पू. पहिल्या शतकात, व्हिट्रूव्हिअस याने तशाच नावाच्या भांड्याचा उल्लेख केला आहे. पण ते भांडे वाफ फुंकणारे आहे, फिरणारे नाही. त्यामुळे त्याला टरबाइनचा पूर्वज म्हणणे ताणलेले होईल. १६२९ मध्ये जोव्हान्नी ब्रांका याने वाफेचा झोत चाकाच्या पात्यांवर सोडण्याची कल्पना चित्रासह दिली. पुढे ज्यांना प्रतिक्रिया आणि आवेग असे म्हटले गेले ते दोन्ही प्रकार हीरो आणि ब्रांका यांच्या या दोन खेळण्यांत बीजरूपाने आहेत.

उपयोगी यंत्राचा जनक कोण, याबद्दलही दुमत आहे. स्वीडनचे गुस्ताफ द लावाल यांनी १८८० च्या दशकात दूध व साय वेगळी करण्याच्या यंत्रासाठी एका चाकाचे टरबाइन बनवले आणि त्या दशकाच्या अखेरीस आधी निमुळता होऊन पुढे रुंदावणारा नोझल (प्रोथ) वापरात आणला. इंग्लंडचे चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ मध्ये सुमारे ७.५ किलोवॉटचे यंत्र केले. ते मिनिटाला १८,००० फेरे घेत असे. लावाल यांनी वाफेचा संपूर्ण वेग एकाच चाकात घेण्याचा प्रयत्न केला; पार्सन्स यांनी प्रसरणच अनेक टप्प्यांत वाटून टाकले. आजच्या वीज केंद्रातील यंत्र या दुसऱ्या मार्गाने आलेले आहे, म्हणून येथे पार्सन्स यांच्याकडे झुकते माप देणे योग्य ठरते. वाटणीच्या निरनिराळ्या पद्धती फ्रान्सचे ऑग्युस्त रातो आणि अमेरिकेचे चार्ल्स कर्टिस यांनी विकसित केल्या.

प्रसरणातून वेग : बाष्पित्रातून, म्हणजे बॉयलरमधून, निघालेली वाफ सुमारे १५० बार दाबाची आणि ५४० से. तापमानाची असते. केवळ दाब चाकाला फिरवत नाही. वाफेला कमी दाबाच्या जागेकडे अरुंद वाट करून दिली की ती प्रसरण पावत धावते. सर्व दिशांना सैरावैरा चाललेली रेणूंची हालचाल एका दिशेला वळते, तापमान उतरते आणि झोताला वेग येतो. हा वेग किती, हे वाफेच्या पूर्ण उष्णतेत (एन्थॅल्पीत) झालेल्या घटीवरून काढता येते. दर किलोग्रॅममागील घट जूलमध्ये घेऊन तिची दुप्पट केली आणि वर्गमूळ काढले की वेग मीटर प्रति सेकंद या एककात मिळतो.

बाष्पित्रापासून, वापरलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या संघनकापर्यंत, मध्ये एकदा पुन्हा तापवलेली धरून, एक किलोग्रॅम वाफ सुमारे १,४०० किलोजूल काम देते. हे सगळे एकाच नोझलमध्ये मोकळे केले तर झोताचा वेग सेकंदाला जवळजवळ १,७०० मीटर होईल. अशा झोताचा पुरेपूर उपयोग करायचा तर पात्याने त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ८०० मीटरहून अधिक वेगाने, धावले पाहिजे. भारतातील वीजजाल ५० हर्ट्झवर चालते आणि दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेते. सरासरी १ मीटर व्यासाच्या चाकावरील पाते या गतीला सेकंदाला अवघे १५७ मीटर जाते. तेव्हा टप्पे पाडण्याशिवाय गत्यंतर नसते.

एक टप्पा : अशा चाकावरचा आवेग पद्धतीचा एक आदर्श टप्पा घेऊ. वाफ प्रथम स्थिर नोझलांच्या कड्यातून जाते आणि ३१४ मीटर वेगाने पात्यावर येते. पाते त्याच दिशेने १५७ मीटरने पुढे सरकत असल्याने पात्याच्या दृष्टीने वाफेचा वेग १५७ मीटरच असतो. चंद्रकोरीसारख्या वाकवलेल्या पात्यातून ती तेवढ्याच वेगाने उलट दिशेला वळून निघते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ती जवळपास थांबलेली दिसेल, कारण तिची गती पात्याला देऊन झालेली असते. या टप्प्यात दर किलोग्रॅममागे सुमारे ४९ किलोजूल काम मिळते. प्रारंभीच्या टप्प्यात त्यासाठी दाब जेमतेम २० बारने आणि तापमान सुमारे २५ अंशांनी उतरते. हिशेबाने १,४०० किलोजुलांसाठी असे २८-२९ टप्पे लागतात. प्रत्यक्षात चाकांचे व्यास सारखे नसतात, नोझल तिरके असतात आणि घर्षण व गळती यांत दहा ते पंधरा टक्के जातात, तेव्हा हा आकडा केवळ अंदाज देणारा समजावा.

प्रतिक्रिया पद्धतीत निम्मे प्रसरण स्थिर पात्यांत आणि निम्मे फिरत्या पात्यांत होते. फिरत्या पात्यांतून निसटताना वाफ वेग घेते आणि त्यांना मागे रेटते. यात दर टप्प्याला काम निम्मे मिळते, म्हणून टप्पे जवळपास दुप्पट लागतात. पण वेग कमी असल्याने घर्षणाचा तोटाही कमी होतो. फिरत्या पात्यांच्या दोन बाजूंना दाब वेगळा असल्यामुळे संपूर्ण दंड एका बाजूला ढकलला जातो. हा रेटा समतोल चकती, रेटा-धारवा किंवा वाफ मधून दोन्हीकडे सोडण्याची रचना यांनी सांभाळतात.

आकारमानाचा प्रश्न : आत येताना एक किलोग्रॅम वाफ सुमारे २२ लिटर जागा व्यापते, तर संघनकाच्या तोंडाशी तीच वाफ १४ घनमीटरच्या आसपास म्हणजे सहाशे पटींहून अधिक फुगलेली असते. २५० मेगावॉटच्या संचात तासाला सुमारे ७५० टन वाफ येते. पहिल्या टप्प्याला सेकंदाला पाच घनमीटरांपेक्षा कमी वाफ सामावावी लागते. वाटेत काही वाफ पाणी तापवण्यासाठी काढून घेतल्यावरही शेवटच्या टप्प्याला सुमारे दोन हजार घनमीटर सामावावी लागते. म्हणून उच्च दाबाच्या भागातली पाती बोटभर, तर शेवटची अर्ध्या मीटरहून लांब असतात आणि कमी दाबाच्या भागात वाफ दोन बाजूंना वाटली जाते. आवश्यक छेद दहा-एक चौरस मीटरचा भरतो. एवढा देऊनही वाफ शेवटच्या पात्यातून सेकंदाला २०० मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि किलोग्रॅममागे सुमारे २० किलोजूल वाया जातात.

उच्च दाबाच्या भागातून सुमारे ४० बार आणि ३४५ से. वर आलेली वाफ बाष्पित्रात परत नेऊन पुन्हा ५४० से. पर्यंत तापवतात. यामागे अधिक कामाइतकेच पात्यांचे रक्षणही आहे. ही वाफ तशीच पुढे जाऊ दिली तर अखेरीस तिच्यात सुमारे १५ टक्के पाणी होईल. पुनर्तापनामुळे ते ५ टक्क्यांच्या आसपास राहते. पाण्याचे थेंब वाफेच्या मागे पडतात आणि लांब पात्यांची टोके सेकंदाला ४०० मीटरच्या घरात येऊन त्यांवर आदळतात. मग पात्याच्या पुढच्या कडेवर खड्डे पडून ती करवतीसारखी दिसू लागते. १० ते १२ टक्क्यांपुढील ओलावा म्हणूनच टाळतात.

निर्वात आणि परळीचे पाणी : प्रसरण कोठे थांबते हे संघनक ठरवतो, आणि संघनकातील दाब थंड पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतो. पाणी ३३ से. ला आत येऊन ४३ से. ला बाहेर पडत असेल, तर वाफ सुमारे ४६ से. ला, म्हणजे ०.१ बार निरपेक्ष दाबाला, द्रवरूप होते. हिवाळ्यात हाच दाब ०.०७ बारपर्यंत उतरला तर किलोग्रॅममागे सुमारे ४० किलोजूल अधिक मिळू शकतात. फुगलेल्या वाफेचा निर्गमवेग वाढत असल्याने प्रत्यक्ष लाभ याहून कमी असतो. उन्हाळ्यात याच्या उलट घडते.

निर्वात घटला, म्हणजे संघनकातील दाब वाढला, की कारण तापमानांवरून शोधतात. पाणीच गरम येत असेल तर आत येणाऱ्या पाण्याचे तापमान चढते, पण वाफ आणि बाहेर पडणारे पाणी यांतील फरक नेहमीसारखा तीन-चार अंशांचाच राहतो. पाणी कमी पडत असेल तर आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्यातील फरक वाढतो. नळ्यांत क्षार साचले असतील तर वाफ आणि बाहेर पडणारे पाणी यांतला फरक वाढतो. तो वाढला आणि जोडीला संघनित पाण्यात विरलेला ऑक्सिजनही वाढला, तर बाहेरची हवा कोठून तरी आत शिरते आहे असे मानतात. दाब ठराविक मर्यादेपलीकडे चढल्यास यंत्र आपोआप बंद होते, कारण दाट झालेल्या वाफेत शेवटची लांब पाती तापतात व थरथरू लागतात.

बाष्पित्रातील पाणी त्याच चक्रात फिरत राहते. खर्च होते ते मुख्यतः शीतमनोऱ्यातून उडून जाणारे पाणी. मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटर हे प्रमाण धरले तर पूर्ण भारावरील २५० मेगावॉटच्या एका संचाला दिवसाला सुमारे २ कोटी १० लाख लिटर पाणी लागते. परळीला ते गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून मिळते. २०१३ आणि २०१५ च्या टंचाईत पाण्याअभावी हे केंद्र पूर्ण बंद ठेवावे लागले.

साखर कारखान्यांतील टरबाइने : मराठवाड्यातील सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्यांत लहान टरबाइने बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडांवर, चालतात. तेथे वाफ निर्वातापर्यंत न नेता सुमारे अडीच बारला सोडतात आणि तिच्या उष्णतेवर उसाचा रस आटवतात. अशा यंत्रात किलोग्रॅममागे काम परळीच्या जेमतेम निम्मे मिळते. बाहेर पडणारी वाफ रस आटवण्यातच संघनित होत असल्याने तेवढ्या वाफेसाठी संघनक आणि शीतमनोरा लागत नाही. गाळप बंद असताना मात्र ती वाफ घेणारे कोणी नसते. त्या काळात वीज करायची तर संघनक जोडलेले वेगळे टरबाइन, आणि त्याच्यासाठी पाणी, लागतेच.