पिपाणीतला 'आ' आणि हरवलेला 'ई'

तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक बघून नागपूरच्या महालातून परतताना भाचीने पिपाणी घेतली आणि घर येईस्तोवर सगळ्यांचे कान किटवले. शेवटी ती मी ताब्यात घेतली आणि नळदुरुस्तीतून उरलेले प्लास्टिक पाइपचे दोन तुकडे काढले. दोन्ही पावणेनऊ सेंटीमीटर लांब. एक आतून ११ मिलिमीटर रुंद, दुसरा ३०. पिपाणीची जीभ अरुंद तुकड्याच्या एका टोकाला बसवली, दुसऱ्या टोकाला रुंद तुकडा जोडला आणि सांध्यांना कणीक लिंपली. फुंकलं तर चिरकेपणा बराच गेला आणि बाहुलीने बोलावं तसा आवाज आला. भाची म्हणाली, "मामा, हे तर 'आ' म्हणून राह्यलं!"

पाइपला गळा नाही, जीभ नाही, ओठ नाहीत. तरी 'आ' आला, कारण स्वर घडायला दोनच गोष्टी लागतात: एक गुणगुण आणि तिच्यापुढे एक आकार. आपल्या गळ्यात स्वरतंतू मिटतात-उघडतात, हवेचे झटके सोडतात आणि त्यांतून एक मूळ सूर व त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर निघतात. वर जावं तसे हे उपस्वर क्षीण होत जातात. गळ्यापासून ओठांपर्यंतची पोकळी त्यांतल्या काहींना उचलून धरते, बाकीच्यांना दाबते. मराठीत आपण दोन्हींना 'स्वर' म्हणून घोळ करतो, म्हणून इथे मी वेगळं लिहितो: गळा देतो तो सूर, तोंड देतं तो स्वर.

ही फोड आपल्याकडे फार जुनी आहे. तैत्तिरीय प्रातिशाख्य या वेदोच्चारांवरच्या ग्रंथात 'संवृते कण्ठे नादः क्रियते' असं सूत्र आहे: कंठ मिटलेला असताना नाद होतो. उघडा असेल तर श्वास. स्थान आणि करण, म्हणजे जीभ-ओठ कुठे काय करतात, हा विचार तिथे वेगळा मांडलेला आहे. तोंडाचा आकार त्या नादाचं नेमकं काय करतो, ते मोजायला मात्र बराच काळ जावा लागला.

१७७९ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने बक्षीस लावलं: आ, ए, इ, ओ, उ या पाच स्वरांमध्ये फरक कशाने पडतो ते सांगा आणि ते काढणारं यंत्र करून दाखवा. क्रिश्चन क्रात्झेनस्टाइनने वेड्यावाकड्या आकारांच्या नळ्या केल्या, त्यांना हार्मोनियममध्ये असते तशी मोकळी थरथरणारी पट्टी लावली आणि बक्षीस घेतलं. नळ्यांचे आकार त्याने चाचपडत शोधले होते, त्यामागे हिशेब नव्हता.

हिशेब सुरू झाला केंब्रिजच्या रॉबर्ट विलिसपासून, १८२९ च्या आसपास. त्याने वेडेवाकडे आकार सोडले आणि पट्टीपुढे साधी सरळ नळी ठेवली, लांबी कमीजास्त करता येईल अशी. नळी वाढवत नेली तसे इ, ए, आ, ओ, उ क्रमाने येत गेले. आणखी वाढवली तर तेच उलट क्रमाने. त्यावरून तो म्हणाला, स्वर ठरतो फक्त नळीच्या स्वतःच्या सुराने. पट्टी प्रत्येक झटक्याला नळीला टिचकी मारते आणि नळी आपल्या सुरात वाजून विझते. १८३७ मध्ये चार्ल्स व्हीटस्टोनने दुसरी बाजू मांडली: नळी नवं काही वाजवत नाही, पट्टीच्या उपस्वरांपैकी जवळचे तेवढे मोठे करते. १८६३ मध्ये हेल्महोल्ट्झने हीच बाजू पुढे नेली आणि नुसत्या ट्यूनिंग फोर्कांचे सूर मिसळून स्वर काढून दाखवले. विलिसच्या बाजूने नंतर लुडिमार हेरमान उभा राहिला. पोकळीच्या अशा सुरासाठी 'फॉर्मंट' हा शब्द त्याचाच, १८९४ चा.

मला या सगळ्या इतिहासात हे भांडणच सर्वांत मजेदार वाटतं, कारण दोघेही बरोबर होते. एकेका झटक्याकडे पाहिलं तर नळी खरंच आपल्या सुरात वाजून विझते. तेच झटके एका ठेक्यात पडत राहिले की शिल्लक राहतात फक्त मूळ सुराच्या पटीतले उपस्वर, आणि नळीच्या सुराजवळचे त्यांत जोरकस असतात. एकाच गोष्टीचे हे दोन हिशेब आहेत असं लॉर्ड रॅलेने त्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिलं. विलिसची बाजू घरीही ऐकता येते. कुजबुजत ई, ए, आ, ओ, ऊ म्हणा. स्वरतंतू गप्प आहेत, सूर नाही, नुसता हवेचा खरखराट. तरी स्वर ओळखू येतात आणि खरखराट पायरीपायरीने खाली उतरताना ऐकू येतो.

आता पाइपचा हिशेब. भादव्यातल्या उकाड्यात आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडी अशी साडेसतरा सेंटीमीटरची सरळ नळी ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झना गुंजते. प्रौढ पुरुषाच्या स्वरमार्गाची लांबी जवळपास एवढीच असते आणि तोंड सैल सोडून काढलेला 'अ' असाच ऐकू येतो. मागचा अर्धा भाग अरुंद आणि पुढचा रुंद केला की पहिले दोन अनुनाद एकमेकांकडे सरकून ७७५ आणि १२२५ च्या आसपास येतात. 'आ' म्हणताना जीभ मागे-खाली जाऊन घसा अरुंद होतो आणि जबडा उघडतो, तो हाच आकार. उघड्या टोकाबाहेरची थोडी हवाही सोबत हलते, म्हणून प्रत्यक्षात आकडे जरा खालीच पडतात. पिपाणीचा सूर ट्यूनरवर ४०० च्या जवळपास निघाला. तिचे उपस्वर ८०० आणि १२०० नेमके अनुनादांच्या शेजारी पडले. 'आ' जमला तो या नशिबाने.

खऱ्या तोंडाचे असे आकार मोजून त्यांवरून स्वर काढण्याचं काम त्सुतोमु चिबा आणि मासातो काजियामा यांनी टोकियोत केलं. त्यांचं पुस्तक १९४१ चं, ऐन युद्धातलं. पुढे स्वीडनच्या गुन्नार फांटने रशियन बोलणाऱ्या एका माणसाचे एक्स-रे घेतले, ओठांपासून स्वरयंत्रापर्यंत पोकळी कुठे किती रुंद आहे ते काढलं आणि त्यावरून अनुनाद गणिताने मांडले. १९६० च्या त्याच्या पुस्तकापासून उगम आणि गाळणी, म्हणजे सोर्स-फिल्टर, ही मांडणी पक्की झाली.

या मांडणीत उगम आणि गाळणी एकमेकांत ढवळाढवळ करत नाहीत असं धरलेलं असतं. एरवी चालून जातं, पण सूर चढला की पंचाईत होते, आणि ती आमच्याच पाइपने दाखवली. मी तो उलटा लावला, रुंद भाग मागे, अरुंद पुढे. हिशेबाने अनुनाद २२५ आणि १७७५ वर जायला हवेत, म्हणजे 'ई'च्या दिशेने. फुंकलं, तर स्वर नाहीच, नुसती पिरपिर. पिपाणीचा सर्वांत खालचा सूरच ४००; २२५ ला उचलायला तिथे काही नव्हतंच. तार सप्तकात गाणाऱ्या बाईंचा 'ई' कोणता आणि 'ए' कोणता हे कळेनासं होतं, ते याच कारणाने. अशा वेळी गायिका तोंड जास्त उघडून पहिला अनुनाद सुरापर्यंत वर नेतात. त्याने आवाज भरतो, पण स्वर बदलतो.

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीत पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून खर्जातली एक जुनी पट्टी मागून आणली, १२० हर्ट्झच्या आसपासची. पाइप तोच, उलटाच. आता २४० होता आणि १८०० ही. भाचीने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "'ई' नाही मामा, 'ई' आणि 'ऊ'च्या मधातलं काहीतरी." बरोबर होतं तिचं. 'ई'चा दुसरा अनुनाद २३०० च्या आसपास लागतो, आमचा १७७५ वरच अडकला होता. दोन्ही तुकडे सारखेच आखूड करायला हवेत, म्हणजे अनुनाद वर सरकतील. करवत शोधेपर्यंत तिची शाळेची रिक्षा आली.