वीकली आणि मंथली कँडल क्लोज (स्विंग ट्रेडिंग)

चार्टवर ठरावीक काळातला भाव दाखवणारी एक पट्टी म्हणजे कँडल. वीकली क्लोज म्हणजे आठवड्याच्या कँडलचा शेवटचा भाव आणि मंथली क्लोज म्हणजे महिन्याच्या कँडलचा. काही दिवस ते काही आठवडे पोझिशन धरणारे बरेच स्विंग ट्रेडर एन्ट्री-एक्झिटचा निर्णय फक्त या क्लोजवर घेतात. कँडल चालू असताना भाव वरखाली कितीही नाचला तरी ते हात लावत नाहीत, त्या नाचण्याला ते नॉइज म्हणतात. नियम एका ओळीचा आहे: लेव्हल, म्हणजे आपण आधी धरलेली भावाची पातळी, तुटली की नाही हे विक, म्हणजे कँडलच्या टोकाची बारीक रेघ, बघून ठरवायचं नाही, क्लोज बघून ठरवायचं.

यामागचं कारण असं की बऱ्याच जणांचे स्टॉपलॉस एकाच जागी साठलेले असतात, म्हणजे आधीच्या लोच्या जरा खाली किंवा आधीच्या हायच्या जरा वर. भाव तिथे पोचला की ते सगळे स्टॉप एकदम लागतात, भाव आणखी ढकलला जातो, आणि पुढे विकणारं कोणी उरलं नाही की तो झपकन परत येतो. चार्टवर उरते ती लांब विक. क्लोजचं तसं नसतं, आठवडाभर दोन्ही बाजूंनी ओढाताण झाल्यावरही भाव जिथे टिकला ती जागा म्हणजे क्लोज. म्हणून क्लोज नेहमी बरोबरच असतो असं मात्र नाही, आणि खालच्या उदाहरणात नेमकं तेच दिसतं.

२०२२ सालचा अमेरिकेचा एस अँड पी ५०० इंडेक्स घ्या. २४ जानेवारीला, सोमवारी, इंडेक्स दिवसात जवळजवळ ४ टक्के पडून ४२२२ पर्यंत गेला. ऑक्टोबर २०२१ चा लो ४२७९ च्या आसपास होता, तो साफ तुटला. त्या क्षणी विकणाऱ्याला आपण शहाणे आहोत असंच वाटलं असणार, पण त्याच दिवशी इंडेक्स ४४१० ला, म्हणजे चक्क किंचित हिरव्यात बंद झाला आणि शुक्रवारचा वीकली क्लोज आला ४४३२. वीकली चार्टवर लेव्हल तुटलीच नाही, फक्त खाली एक लांब विक दिसते.

आता नवी लेव्हल झाली ४२२२. २४ फेब्रुवारीला, युक्रेनवर हल्ला झाला त्या दिवशी, इंडेक्स ४११५ पर्यंत घसरला आणि दुसऱ्या दिवशी वीकली क्लोज दिला ४३८५. पुन्हा विक, पुन्हा काही करायचं नाही. इथपर्यंत गोष्ट वीकली क्लोजवाल्यांच्या बाजूने छान चाललीये.

मग आला ११ मार्च. वीकली क्लोज ४२०४, लेव्हलच्या १८ पॉइंट खाली, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. नियम तर नियम, वीकलीवाला बाहेर पडला, आणि पुढच्याच शुक्रवारी इंडेक्स ४४६३ ला, ६ टक्के वर. ज्याने लेव्हलखाली अर्ध्या टक्क्याचा बफर ठेवला होता तो थोडक्यात वाचला, पण हा अर्धा टक्का नंतर चार्ट बघून सुचलेला असेल तर त्याला काही किंमत नाही, बफर आधी ठरवून लिहून ठेवावा लागतो.

मंथलीवाल्याला मात्र या सगळ्या गडबडीचा पत्ताच नाही. त्याचे क्लोज असे: जानेवारी ४५१६, फेब्रुवारी ४३७४, मार्च ४५३०. त्याच्यासाठी ४२२२ तुटली ती थेट २९ एप्रिलला, ४१३२ च्या क्लोजने. तो शुक्रवार होता आणि महिन्याचा शेवटचा ट्रेडिंग दिवसही, म्हणजे वीकली आणि मंथली दोन्ही कँडल एकाच वेळी लेव्हलच्या खाली बंद झाल्या. पुढे १३ ऑक्टोबरला इंडेक्सने ३४९२ चा लो केला, म्हणजे त्या क्लोजपासून अजून साधारण १५ टक्के खाली.

मंथली चांगलं आणि वीकली वाईट असा निष्कर्ष यातून काढू नये. टाइमफ्रेम जितकी मोठी तितके खोटे सिग्नल कमी, पण सिग्नल येईपर्यंत हातातून जास्त निसटतं. फेब्रुवारी २०२० मध्ये २१ तारखेचा वीकली क्लोज ३३३८ होता आणि २८ तारखेचा २९५४, म्हणजे एका आठवड्यात साडेअकरा टक्के गेले. शुक्रवारची वाट बघत बसलेल्याला ते सगळे सोसावे लागले.

म्हणून अनुभवी लोक दोन स्टॉप ठेवतात. एक क्लोजवरचा, जो नेहमीचा निर्णय देतो, आणि दुसरा त्याच्या बराच खाली सिस्टममध्ये टाकलेला पक्का स्टॉप, फक्त अपघातासाठी. मार्केट आधीच्या क्लोजपासून उडी मारून उघडलं, म्हणजे गॅप पडला, तर तो ठरवलेल्या भावाला लागेलच याची खात्री नाही, म्हणून क्वांटिटीही त्या लांबच्या स्टॉपवरून काढायची. समजा भांडवल १,००,००० आहे, एका ट्रेडमध्ये १ टक्का, म्हणजे १,००० घालवायची तयारी आहे, एन्ट्री ५०० ला आणि लांबचा स्टॉप ४५० ला. फरक ५०, म्हणून क्वांटिटी २०. डे चार्टवर १० पॉइंटचा स्टॉप ठेवणाऱ्याला तेवढ्याच रिस्कमध्ये १०० मिळाल्या असत्या. वीकलीवर ट्रेड करायचंय पण क्वांटिटी डे चार्टची हवी, अशी घाई करणारे बुधवारीच घाबरून बाहेर पडतात, आणि मग म्हणतात पद्धत चालत नाही 🙂

क्लोज नेमका कधी होतो हेही मार्केटप्रमाणे बदलतं. शेअरमध्ये आठवड्याचा शेवटचा ट्रेडिंग दिवस, शुक्रवारी सुट्टी असेल तर गुरुवार. फॉरेक्समध्ये साधारण शुक्रवारी न्यूयॉर्कचे संध्याकाळचे ५. क्रिप्टो बंदच होत नाही, तिथे बहुतेक चार्ट रविवारी रात्री १२ यूटीसीला आठवडा संपवतात. दोन प्लॅटफॉर्मचे सर्व्हर टाइम वेगळे असले तर तीच कँडल एकीकडे लेव्हलच्या वर आणि दुसरीकडे खाली दिसू शकते, त्यामुळे एकच चार्ट धरून चालावं. महिना तर आठवड्याच्या मध्येही संपतो, अशा वेळी मंगळवारी मंथली क्लोज आला आणि वीकली कँडल अजून अर्धीच आहे असं होतं. तेव्हा कोणत्या क्लोजवर काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं, नाहीतर माणूस सोयीचा क्लोज निवडतो.

आणखी एक नेहमीचा घोटाळा अलर्टचा. चालू वीकली कँडलवर इंडिकेटर मंगळवारी क्रॉस दाखवतो आणि शुक्रवारपर्यंत तो क्रॉस गायबही होतो, कारण न संपलेल्या कँडलचा क्लोज म्हणजे फक्त त्या क्षणाचा भाव. ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या प्लॅटफॉर्मवर यासाठी अलर्ट लावताना Once Per Bar Close निवडतात, आणि त्याच्या पाइन स्क्रिप्ट या भाषेत अट अशी लिहितात:

```
tutla = close < level and barstate.isconfirmed
```

इथे level म्हणजे आपली लेव्हल, आणि चार्ट वीकलीवर ठेवलेला हवा. कँडल पक्की झाल्यावरच tutla खरं होतं, पण तोवर शेअरचं मार्केट बंद झालेलं असतं, त्यामुळे ऑर्डर पुढच्या ओपनला जाते आणि मधला गॅप आपल्या अंगावर येतो. तो टाळायला काही जण शेवटच्या ५-१० मिनिटांत भाव लेव्हलच्या खाली दिसला की विकून टाकतात. बहुतेक वेळा चालतं, पण भाव अगदी लेव्हलला चिकटलेला असेल तर शेवटच्या मिनिटात तो पलटू शकतो. बॅकटेस्ट करताना, म्हणजे जुन्या भावांवर पद्धत तपासतानाही हे बघावं: ज्याने टेस्टमध्ये क्लोजचाच भाव मिळाला असं धरलं आणि प्रत्यक्षात सोमवारच्या ओपनला विकलं, त्याचे आकडे जुळणार नाहीत.