लादीपाव वरून तपकिरी, बाजूंनी पांढरा, असं का?

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि गव्हाचा पाव आपल्याकडे आला, पण यीस्ट कुठून आणणार, म्हणून माडाची सूर, म्हणजे आंबलेली माडी, घालून पीठ फुगवायला लागले. पुढे गोव्यातलेच लोक मुंबईत येऊन बेकऱ्यांत कामाला लागले, मग इराण्यांनीही बेकऱ्या काढल्या, आणि लादी घरोघरी पोचली.

या बेकऱ्यांतल्या जुन्या भट्टीला थर्मामीटर नव्हता. आत लाकडं जाळायची, तळ-घुमट तापला की निखारे बाजूला ओढायचे, तळ झाडायचा. उष्णता किती आहे ते बघायला चिमूटभर पीठ तळावर टाकायचं, लगेच काळं पडलं तर थांबायचं, हळूहळू तांबूस झालं तर पाव आत सारायचा. म्हणजे रंगावरून ओळखणं ही मुळात भट्टीवाल्याचीच पद्धत आहे.

लादीत गोळे चिकटून ठेवतात, त्यामुळे आच फक्त वरून आणि खालून लागते. बाजू एकमेकांना टेकलेल्या, तिथे वाफ अडकते, तापमान 100 च्या आसपासच राहतं आणि रंग यायला तर 140 च्या पुढे जावं लागतं, म्हणून बाजू पांढऱ्या आणि मऊ राहतात. तो कच्चेपणा नाही हो, लोक उगाच घाबरतात!

घरच्या ओव्हनमध्ये गणित बदलतं. भट्टीच्या तापलेल्या घुमटाची आच वरून इतकी जोरात येते की काही न लावताही रंग चढतो, ओटीजीत मात्र पाव फिकटच राहतो आणि रंगाची वाट बघत बसलं की वाळून जातो. म्हणून दूध लावायचं, त्यातली साखर आणि प्रोटीन लवकर तांबूस होतात. अंडं लावलं तर चकाकी जास्त आणि रंगही लवकर गडद, डिनर रोलला ते शोभतं, पण लादीपावाला मला दूधच बरं वाटतं. बटर मात्र बाहेर काढल्यावर लगेच, त्याने वरचं कवच मऊ पडतं.

समजा 8 इंची चौकोनी टिनमध्ये 50 ग्रॅमचे 9 गोळे आहेत. 190 डिग्री, मधला रॅक, साधारण 18 ते 20 मिनिटं. बाराव्या मिनिटालाच वर गडद झालं तर समजायचं की वरचा रॉड जवळ आहे, फॉईल टाका, पण बाहेर काढू नका कारण आत अजून कच्चंच असतं आणि दुधाचा रंग इथेच फसवतो. खरा पुरावा तळाला असतो: लादी उलटी करून बघा, तळ फिका पांढरा आणि ओलसर असेल तर परत आत, एकसारखा बदामी असेल तर झालं. शंका असेल तर मधला पाव सोडवून बघा, धाग्या-धाग्याने सुटला पाहिजे, बोटाला चिकटला तर आणखी 3-4 मिनिटं द्या. प्रोब थर्मामीटर असेल तर मधोमध 90 ते 93 डिग्री.